लेकीच्या डायरीतला खारीकचा पहिला आठवडा (आणि रात्रीच्या रडण्याबद्दल मदत हवी आहे)

ओसरी | शनिवार, रात्री ९:५०

दिवाळीच्या सुट्टीत रोज पाच ओळी डायरी लिहायची असा शाळेचा अभ्यास आहे. लेक चौथीत आहे. गेल्या रविवारी आम्ही एक गावठी पिल्लू घरी आणलं, त्यामुळे पाच ओळींच्या जागी पानंच्या पानं भरली. आज तिने स्वतःहून वही माझ्या हातात दिली. तिला विचारूनच इथे उतरवते आहे, शुद्धलेखन तेवढं मी नीट केलं. आम्ही साताऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही तिघं आणि सासूबाई.

*रविवार.* आज खारीक आली. बाबांचे मित्र बंगला बांधतायत, तिथे वाळूच्या ढिगामागे तिची आई राहते. वॉचमनकाका म्हणाले, चार होती, आता तीन राहिली. चौथं कुठे गेलं विचारलं तर म्हणाले, गेलं परवा. खारीक माझ्या स्वेटरमध्ये बसून स्कूटरवर आली. तिचं हृदय माझ्या पोटाला लागत होतं. बाबांनी तीन नियम सांगितले. गादीवर घ्यायची नाही, आपल्या ताटातलं द्यायचं नाही, आणि चावली तर परत ठेवून यायची.

*सोमवार.* काल रात्री ती दोन वाजेपर्यंत रडली. बाबा म्हणाले, सवय होईल. आजी म्हणाली, आईची ऊब गेली, रडेल नाहीतर काय. आजीने तिचं जुनं लुगडं खोक्यात घातलं. आज खारीकने नऊ वेळा शू केली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारल्या. उठल्यावर चार, खाल्ल्यावर तीन, खेळताना दोन.

*मंगळवार.* आम्ही मोज्याची ओढाओढी खेळलो. तिचा दात माझ्या अंगठ्याच्या खाली घुसला. ती मुद्दाम नाही चावली. रक्ताचा एक थेंब आला. मी फ्रॉकला पुसलं आणि हळद लावली. आईला सांगितलं, कंपासचं टोक लागलं. खरं सांगितलं तर बाबा तिला परत ठेवून येतील.

*बुधवार.* खारीकला दूध आवडतं. पण तिला पातळ शी झाली. शीमध्ये पांढऱ्या शेवया होत्या आणि एक शेवई हलत होती. मी ओरडले. तिचं पोट फुग्यासारखं आहे.

*गुरुवार.* तिला डॉक्टरांकडे नेलं. वजन २ किलो १०० ग्रॅम. त्यांनी गोड औषध पाजलं. दूध बंद, मऊ भात आणि उकडलेलं अंडं थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. ती टेबलावर थरथरत होती, म्हणून मी तिचा कान धरून ठेवला.

*शुक्रवार.* ती दिवसभर झोपते. मला वाटलं आजारी आहे, पण आई म्हणाली बाळं झोपतातच. संध्याकाळी ती आजीच्या पायांच्या भेगा चाटत होती. आजीला गुदगुल्या होतात.

*शनिवार.* आज मी खारीक म्हटलं आणि ती आली! रात्री ती रडायला लागली की मी कॉटवरून हात खाली सोडते. ती माझं बोट हुंगते आणि झोपते. माझा हात खूप दुखतो, पण मी काढत नाही.

रात्रीचं रडणं आणि घरभर होणारी शू याला काय उपाय करता? अंगठ्याची जखम आता सुकली आहे. पिल्लू जेमतेम पावणेदोन महिन्यांचं असल्यामुळे त्याची मला काळजी वाटत नाही. पण ती खोटं बोलली, हे मनाला लागलं आहे. तिच्याशी कसं बोलू?

---

आटपाडीकर | रात्री १०:१५

आमच्याकडे वस्तीवर पाच-सहा कुत्री कायम असतात. पिल्लू रडतं म्हणून कोणी उठत नाही. दोन रात्री गॅलरीत ठेवा, दार लावून घ्या, तिसऱ्या रात्री गप झोपेल. आता जवळ घेतलंत तर मोठं झाल्यावरही दाराशी रडेल.

---

शाईची_दौत | रात्री १०:३२

किती सुंदर लिहिते हो! "हृदय माझ्या पोटाला लागत होतं" हे वाक्य मोठ्यांना सुचणार नाही. माझी विनंती एवढीच, की शुद्धलेखन सुधारू नका. मुलं मोकळं लिहितात तेव्हा लाल पेन बाजूला ठेवावं. आणि तिने परवानगी दिली असली तरी सगळी डायरी वाचावी का, याचाही विचार करा.

---

सुईदोरा | रात्री १०:४१

ओसरी, रडणं आणि शू उद्या बघू. मी ग्रामीण रुग्णालयाच्या इंजेक्शन रूममध्ये बावीस वर्षं काढली आहेत. मंगळवारचं पान वाचून मी उठून बसले.

दात लागला आणि रक्त आलं. पिल्लू रस्त्यावरचं, लस न झालेलं. त्याचं एक भावंड आठवडाभरापूर्वी कशाने गेलं ते कोणालाच माहीत नाही. जखम धुतली नाही, वर हळद भरली. ही कंपासची टोच नाही, हा कुत्र्याचा चावा आहे. जखम सुकली याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. रेबीजच्या जखमा तशाही सुकतात. लक्षणं बहुधा काही आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतात, आणि तोवर हातात काही राहिलेलं नसतं. आज पाचवा दिवस आहे. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही.

उद्या रविवार असला तरी सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग उघडा असतो. सकाळी उठून जा. त्याआधी आत्ता साबण लावून वाहत्या नळाखाली हात पंधरा मिनिटं धुवा. पाच दिवसांनी त्याचा फायदा कमी, पण हळदीचं पुट तरी जाईल. वर काही बांधू नका.

आणि सासूबाईंच्या भेगा ओल्या होत्या का? त्यांतून रक्त येतं का? चाटणं आणि चावणं वेगळं, पण चिरलेल्या कातडीवर लाळ लागली तर तो धोका साधा धरत नाहीत. त्यांनाही सोबत न्या.

---

भूभूमित्र | रात्री ११:०५

ताई, उगाच घाबरवू नका. मी सात वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालतो. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना रेबीज नसतो, म्हणून तर त्याची लस तीन महिन्यांनंतर देतात. शिवाय गुरुवारी डॉक्टरांकडे नेलं होतं, म्हणजे पहिली लस झालीच असेल. दहा दिवस पिल्लावर लक्ष ठेवा. ते ठणठणीत राहिलं तर इंजेक्शनची गरजच नाही. हा नियम आहे, मी स्वतः पाळला आहे.

---

सुईदोरा | रात्री ११:२६

@भूभूमित्र, तुमची तळमळ खरी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. दहा दिवसांचा नियम आहे, पण तो अर्धा सांगितलात.

रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणं दिसण्याच्या थोडे दिवस आधी, आणि एकदा लक्षणं सुरू झाली की कुत्रं काही दिवसांतच मरतं. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस जे कुत्रं नीट राहिलं, त्याच्या लाळेत चावताना विषाणू नव्हता असं म्हणता येतं. पण हे कळतं अकराव्या दिवशी! तोवर माणसाने बिनलसीचं बसून राहायचं नसतं. लस पहिल्या दिवशी सुरू करायची आणि लक्षही ठेवायचं, दोन्ही एकदम. तुम्ही लस न घेता निभावलात, कारण ते कुत्रं निरोगी होतं.

तीन महिन्यांचं म्हणाल तर आमच्याकडे पिल्लू चावून आलेली मुलं कितीतरी असायची. घरच्यांचं एकच म्हणणं, "एवढंसं तर आहे." पिल्लाला त्याच्या पिसाळलेल्या आईकडून किंवा दुसऱ्या कुत्र्याकडून लागण होऊ शकते. लस उशिरा का देतात ते इथले पशुवैद्य सांगतील.

गुरुवारी लस झालेली नाही. डायरीत "गोड औषध" लिहिलंय आणि आदल्या दिवशी शेवया. ते जंताचं औषध.

---

ओसरी | रात्री ११:४०

हो, जंताचंच. जुलाब थांबल्यावर लस देऊ म्हणाले होते. सासूबाईंची उजवी टाच चिरली आहे, मोजा घालताना रक्त लागतं. लेकीला उठवून हात धुतला. रडत होती, "खारीकला परत नेणार का" एवढंच विचारत होती. सकाळी जातो.

---

गोठ्यातला_डॉक्टर | रविवार, सकाळी ७:१०

मी पशुवैद्य आहे, गाई-म्हशी जास्त बघतो, पण कुत्रीही येतात. सुईदोरा यांचं बरोबर आहे. आईला लस झालेली असेल तर तिच्या चिकातून मिळालेलं संरक्षण पिल्लाच्या अंगात काही आठवडे टिकतं, आणि ते असेतो दिलेली लस नीट लागू होत नाही. म्हणून रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर द्यायची. तोवर पिल्लाला रोग होत नाही असा अर्थ लोकांनी काढला. वाळूच्या ढिगामागच्या आईला लस मिळालेली असेल हे कशावरून?

पिल्लाकडे काय बघायचं: पिसाळलेलं म्हणजे धावून येणारंच असं नाही. काही वेळा ते फक्त मलूल होतं, कोपऱ्यात बसतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, मागचे पाय लटपटतात, भुंकण्याचा आवाज बदलतो. यातलं काही दिसलं तर घशात हाड अडकलंय समजून तोंडात बोट घालू नका. खोलीत बंद करा आणि तुमच्या डॉक्टरांना फोन करा. दुर्दैवाने मेलंच तर कळवल्याशिवाय पुरू नका. चावा मंगळवारचा, म्हणजे येत्या शुक्रवारपर्यंत लक्ष ठेवा.

वॉचमनकडे चौकशी करा. चौथं पिल्लू गाडीखाली गेलं, की जुलाब होऊन, की नुसतं सुस्त पडून? आई आणि बाकीची दोन कशी आहेत? हे कळलं तर आम्हाला बरंच कळतं.

शूचं उत्तर तुमच्या लेकीने कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. नऊपैकी सात वेळा उठल्यावर किंवा खाल्ल्यावर. झोपेतून डोळे उघडले की उचलून थेट वर्तमानपत्रावर, खाणं झालं की परत तिथेच. कागद एकाच कोपऱ्यात ठेवा, आणि त्यातला थोडा ओला तुकडा नव्या कागदाखाली राहू द्या, वासाने ती जागा ओळखते. एवढ्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे धरवत नाही, म्हणून रात्री एकदा उठावं लागेल. तेही वेळेत. ती रडून उठवते तेव्हा कित्येकदा तिला शूच लागलेली असते.

---

पिंपळपार | सकाळी ८:२५

मी मागच्या वर्षी पिल्लू गमावलं, म्हणून लिहितो. नऊ आठवड्यांचं होतं. आणल्यानंतर पाचव्या दिवशी उलट्या, सहाव्या दिवशी रक्ताचे जुलाब, आठव्या दिवशी गेलं. पार्वो. आम्हीही पहिले दोन दिवस दूध पचलं नाही असंच समजत होतो. खाणं सुटलं, जुलाबाला कुजका वास आला किंवा रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि बाकीच्या लसी पूर्ण होईपर्यंत खालच्या मातीत सोडू नका, तो विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने राहतो. आम्ही रोज फिनेलने फरशी पुसत होतो, त्याने तो मरत नाही. ब्लीच लागतं, हे आम्हाला नंतर कळलं. पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवून पुसा.

---

आटपाडीकर | सकाळी ९:००

इंजेक्शनचं पटलं. आमच्या वस्तीवर एक पोर असंच गेलं होतं, मी लहान होतो तेव्हा. पण रात्रीचं मी म्हणतो तेच खरं. दार लावा.

---

गोठ्यातला_डॉक्टर | सकाळी ९:२०

@आटपाडीकर, वस्तीवरचं पिल्लू आपल्या आईजवळ, भावंडांजवळ रडतं. हे एकटं आहे, आणि आईपासून थोडं लवकरच आणलंय. मी तरी खोकं कॉटशेजारी ठेवायला सांगेन आणि आठवड्याभराने रोज वीतभर लांब सरकवायला. अर्थात दार लावून वाढवलेली कुत्रीही मी धडधाकट बघितली आहेत.

---

ओसरी | रविवार, दुपारी ३:३०

आत्ता आलो. सगळं नीट लिहिते, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

केसपेपर काढताना त्यांनी चार गोष्टी विचारल्या: कधी चावलं, रक्त आलं का, कुत्रं कोणाचं, आणि ते आत्ता डोळ्यांसमोर आहे का. रक्त आलं म्हटल्यावर चावा तिसऱ्या श्रेणीत धरला. त्यात नुसती लस पुरत नाही, तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन जखमेतच द्यावं लागतं. लस अंगात संरक्षण तयार करायला दिवस घेते, तोवर जखमेपाशी पहारा ठेवायला हे. वजनावर डोस ठरतो म्हणून लेकीचं वजन केलं, २६ किलो. अंगठ्याच्या बुडाशी जागा थोडी, त्यामुळे ते हळूहळू दिलं. तेच जास्त दुखलं. मग लस, दोन्ही दंडांत कातडीत अगदी थोडी थोडी, फोड आल्यासारखी. आजचा दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. पिल्लू नीट राहिलं तरी हे चारही पूर्ण करायचे म्हणाले. एक रुपया लागला नाही.

सासूबाईंची टाच बघून डॉक्टर जरा थांबले, मग त्यांनाही तेच द्यायचं ठरवलं. सासूबाई कुरकुरल्या, पण नातीने हात पुढे केलेला बघून गप्प बसल्या.

येताना बांधकामावर गेलो. आई आणि दोन पिल्लं चांगली आहेत, दूध पीत होती. चौथ्याबद्दल वॉचमन म्हणतो, सकाळी निपचित सापडलं. जुलाब होते की नाही ते त्याने पाहिलं नाही. त्यामुळे ते कळलं नाही आणि आता कळणारही नाही.

---

सुईदोरा | दुपारी ४:१०

बरं केलंत. आता तुमचा मूळ प्रश्न, खोटं बोलण्याचा. तुमच्या घरातला तिसरा नियम बदला. चावली तर परत ठेवून यायची, असं आठ-नऊ वर्षांच्या मुलीला सांगितलं की ती चावा लपवणारच. माझ्याकडे यायची ती मुलं याच भीतीने गप्प राहिलेली असायची. कोणाला मार पडेल, कोणाचं कुत्रं जाईल, कोणी मुळात कुत्र्याला छेडलेलं असायचं. तिला खोटेपणावरून आज काही बोलू नका. तिच्या बाबांनी स्वतः तिला सांगू दे की दात लागला, नख लागलं, तरी खारीक इथेच राहणार, फक्त लगेच सांगायचं आणि नळाखाली हात धरायचा. हे बाबांच्याच तोंडून आलं पाहिजे.

आणि ओढाओढी हाताने नको. लांब दोरी किंवा जुन्या जीन्सची पट्टी द्या. दुधाचे दात सुईसारखे असतात.

---

भूभूमित्र | सायंकाळी ६:४५

मी आज आमच्या डॉक्टरांना विचारलं. तीन महिन्यांबद्दल मी चुकीचं सांगत होतो, आणि ते कितीतरी लोकांना सांगितलं आहे. माझ्या हातावर गेल्या सोमवारचं एक ओरखड्याचं वळ आहे, रक्त नाही आलं. त्याला पण जायचं का?

---

सुईदोरा | सायंकाळी ६:५८

हो, उद्याच. रक्त नसेल तर जखमेतलं इंजेक्शन बहुधा लागणार नाही, पण लस लागते. रोज कुत्र्यांत असता, तर कुत्रं चावण्याआधीच घेऊन ठेवायची लस असते, तीही तिथे विचारून घ्या.

---

ओसरी | शुक्रवार, रात्री ९:१५

चाव्याला आज दहा दिवस झाले. बुधवारचा डोस झाला, पुढचा परवा. खारीकचे जुलाब थांबले, वजन २ किलो ४०० ग्रॅम, आज तिची पहिली लस झाली. रेबीजची नव्हे, ती तीन महिन्यांची झाल्यावर. रात्री अजून एकदा रडते. खोकं कॉटशेजारीच आहे, पण नवऱ्याला आटपाडीकरांचं पटतंय, त्यामुळे तो वाद घरात चालू आहे.

लेकीने आज लिहिलेलं तिच्या परवानगीने देते, शुद्धलेखनाला हात न लावता.

*शुक्रवार.* आज खारीकला सूई दिली. ती माझ्यापेक्षा कमी रडली. बाबांनी कॅलेंडरवरचा तीसरा नीयम खोडला आणि तीथे लीहिलं, लागलं की सांगायचं. मग दूपारी तिचं नख माझ्या पायाला लागलं. मी धावत जाऊन आईला सांगीतलं. आईने मला पंधरा मीनीटं नळाखाली उभं केलं आणि हॉस्पिटलात फोन लावला. खारीक दारात बसून पाणी बघत होती.